अंगठा घेतलात, संमती कुठे आहे?

हे संमतीपत्र तुमच्यापैकी कुणी लिहिलं हे मला विचारायचं नाही. संशोधनाची नीतिमत्ता शिकवताना तुम्ही चौघेही माझ्या वर्गात होतात, त्यामुळे चौघांनाही एकदमच बोलते. वसई पूर्वेला भाताणे, शिवणसईकडच्या पाड्यांवर तुम्ही सिकलसेलचं शिबिर घेतलंत. त्या भागात या तपासणीची गरज आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सिकलसेलच्या पहिल्या चाचणीला बोटाच्या टोकाचा थेंब पुरतो. पुढची खात्रीची चाचणी करायची म्हटली तरी दोन मिलिलिटरच्या वर रक्त लागत नाही. तुम्ही सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधून पाच मिलिलिटर काढलंत. उरलेलं कशासाठी, हे त्या बायकांना कुणी सांगितलं?

कागदावर शेवटी एक ओळ आहे: ‘माझ्या रक्ताचा नमुना भविष्यातील संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.’ त्याखाली अंगठा. आणि शेजारी साक्षीदार म्हणून सही तुमच्याच लॅब टेक्निशियनची! लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना साक्षीदार त्रयस्थ असावा लागतो, हे आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. सुई टोचणाराच साक्षीदार कसा चालेल? आणि वारली बोलणाऱ्या बाईला ‘भविष्यातील संशोधन’ म्हणजे काय ते तिच्या बोलीत कुणी समजावलं? 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांची सोय आहे, त्यात वारली नाही. म्हणजे ते काम पाड्यावरच्या आशाताईला सोबत घेऊन तुम्हालाच तोंडी करायचं होतं. ते तुम्ही टाळलंत, कारण रांग लांब होती.

आता तुम्ही म्हणाल की व्यापक संमती चालते. चालते, मीच शिकवलंय. रक्त साठवताना पुढे कुठला प्रश्न पडेल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणूनच साठवतात. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993पासून डॉ. याज्ञिकांच्या चमूने गरोदर बायकांचा अभ्यास केला. आईच्या रक्तातल्या बी-12 आणि फोलेटचा तिच्या मुलाच्या मधुमेहाच्या धोक्याशी संबंध आहे, हे बऱ्याच वर्षांनी, 2008मध्ये प्रसिद्ध झालं. रक्त जपून ठेवल्याशिवाय असे प्रश्न मागे जाऊन विचारता येत नाहीत. पण तिथे संशोधक त्याच गावांत वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांकडे जात राहिले. तुम्ही एका दुपारी गेलात आणि परत फिरकला नाहीत.

व्यापक संमती घ्यायची तर अटी असतात. माणसाला वेगवेगळ्या खुणा करता आल्या पाहिजेत: आजची तपासणी करा, पण रक्त ठेवू नका; ठेवा, पण फक्त याच आजारासाठी; इतर आजारांसाठीही चालेल, पण राज्याबाहेर पाठवू नका; काही सापडलं तर मला कळवा, किंवा कळवू नका. साठवायला नकार दिला तरी तपासणी झालीच पाहिजे. आणि पुढे प्रत्येक नव्या अभ्यासाला एथिक्स कमिटीची वेगळी मंजुरी हवी. रक्त त्या बाईचंच राहतं, तुम्ही फक्त राखणदार आहात.

आता मी विचारते, नीट उत्तर द्या. समजा त्यातली एक बाई सहा महिन्यांनी येते आणि म्हणते, माझं रक्त परत द्या, नाहीतर टाकून द्या. काय कराल? तिची पाच मिलिलिटरची नळी तुम्ही सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलीत. वरचा प्लाझ्मा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या चार कुप्यांत गेला, पांढऱ्या पेशींचा थर डीएनएसाठी पाचव्या कुपीत. या पाचांपैकी चार कुप्या उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन वेगळ्या खोक्यांत आहेत, आणि एक बाहेरच्या प्रयोगशाळेत गेली म्हणता. कुठल्या करारावर गेली? काम झाल्यावर उरलेलं नष्ट करायचं की परत पाठवायचं, हे त्यात लिहिलंय का? तुम्ही मला रजिस्टर दाखवलंत, त्यात कुपी बाहेर गेल्याची तारीखच नाही. मग उरलेल्या चार तरी शोधाल कशा?

तुमचं उत्तर मला माहीत आहे: ‘बाई, नावं काढून टाकली आहेत, सगळं निनावी आहे.’ हीच खरी चूक आहे, आणि ती तुम्ही अभिमानाने सांगता. नाव आणि कोड जोडणारी यादी फाडून टाकलीत, म्हणजे तिला माघार घेण्याचा रस्ता बंद केलात. उद्या तिच्या नमुन्यात गंभीर काही सापडलं तर तिला कळवण्याचा रस्ताही बंद. यादी फाडायची नसते, संशोधकाच्या हाती लागणार नाही अशी दुसऱ्या जबाबदार माणसाकडे कुलपात ठेवायची असते.

बरं, निनावी तरी झालं का? तुमची एक्सेल फाइल मी उघडली. पाडा, वय, जमात, मुलांची संख्या, सिकलसेलचा निकाल, सगळं एकाच ओळीत. तीस घरांच्या पाड्यात 24 वर्षांची, दोन मुलं असलेली, मल्हार कोळी बाई किती असतील? तिथल्या कुणीही ती ओळ वाचून नाव सांगेल. आणि ‘वाहक’ हा एक शब्द बाहेर फुटला की तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडू शकतं. पाड्याऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट, एवढं करायला किती वेळ लागला असता?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींचं रक्त 1990पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं गेलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या, नात्यातल्या लग्नांच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासांत वापरलं गेलं. त्यांच्याही संमतीपत्रात अशीच सैल भाषा होती. प्रकरण कोर्टात गेलं, 2010मध्ये विद्यापीठाने 41 जणांना सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. हे मी तुम्हाला वर्गात सांगितलं होतं, तुम्ही परीक्षेत लिहिलंतही.

संशोधनाला डेटा कायद्यात सूट आहे, असं आता पुढे करू नका. ती सूट ठरवून दिलेले निकष पाळणाऱ्याला आहे, आणि निकालाच्या आधारे त्या व्यक्तीबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर आहे. शिवाय आयसीएमआरच्या सूचना तुमच्या मानेवर आहेतच. शिबिरातल्या मुलांचे नमुने ठेवलेत, ती 18 वर्षांची झाल्यावर त्यांची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची आहे. ती मुलं कुठली, हे यादी फाडल्यावर कसं कळणार?

सोमवारपासून फ्रीझरमधली एकही कुपी बाहेर काढायची नाही. बाहेर गेलेल्या कुपीवरचं काम थांबवायला आजच पत्र पाठवा. आशाताईंकडे शिबिराची मूळ हजेरी आहे, तिच्यावरून जेवढी जुळणी होईल तेवढी करा आणि काय घडलं ते लपवाछपवी न करता लिहून एथिक्स कमिटीपुढे ठेवा. मग पाड्यांवर पुन्हा जा, बायकांना त्यांच्या बोलीत समजावा आणि नको म्हणणाऱ्या बाईच्या कुप्या नष्ट करून तिला तसं कळवा. ज्यांची जुळणी होणार नाही, ते नमुने संशोधनाला चालणार नाहीत. मग ते कितीही मोलाचे असोत.