छेदाची करणी

महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची यादी समोर घ्या. २०११ च्या जनगणनेत राज्यात ३५ जिल्हे होते. त्यातले मुंबई शहर आणि मुंबई उपनगर बाजूला ठेवू, कारण तिथे जिल्हा परिषद नाही. उरलेल्या ३३ जिल्ह्यांपुढे दोन रकाने भरा: दर लाख लोकसंख्येमागे जिल्हाधिकारी किती, आणि दर लाखामागे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष किती. सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाख, म्हणून दोन्ही रकान्यांत ०.११८. गडचिरोलीची पावणेअकरा लाख, म्हणून दोन्हीकडे ०.०९३. ठाण्यातून तेव्हा पालघर वेगळा व्हायचा होता आणि एकट्या ठाण्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर होती, म्हणून तिथे ०.००९. आता या दोन रकान्यांचा सहसंबंध गुणांक काढा. तो बरोबर १ येतो. याहून घट्ट नाते संख्याशास्त्रात नसते.

आणि तरी या तक्त्यात सांगण्यासारखे काहीच नाही. जिल्हाधिकारी प्रत्येक जिल्ह्यात एक, अध्यक्षही एक. अंशात काडीचाही फरक नाही. जो फरक दिसतो तो सगळा छेदाचा, म्हणजे लोकसंख्येचा. आपण एकच आकडा उलटा करून दोनदा लिहिला आणि त्या दोन प्रतींची तुलना केली.

असा तक्ता कोणी छापणार नाही, कारण त्यातली गंमत लगेच कळते. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या जागी वाचनालये आणि अध्यक्षांच्या जागी पोलीस ठाणी टाका. मग आलेख गंभीर दिसू लागतो आणि एखादा अहवालही त्यावर उभा राहतो. आकडे ‘दरडोई’ केले की मोठ्या-लहान जिल्ह्यांतला भेदभाव संपला, आता तुलना न्याय्य झाली, असे आपण धरून चालतो. लोकसंख्येने भागले म्हणजे लोकसंख्या गणितातून गेली, असा हा समज आहे. प्रत्यक्षात ती अनेकदा जात नाही. आधी ती दोन्ही आकड्यांच्या मागे उभी होती, आता ती दोन्ही आकड्यांच्या पोटात शिरते.

कार्ल पिअर्सनने हे १८९७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. सहसंबंध गुणांक आज ज्या सूत्राने काढतात त्याला याच पिअर्सनचे नाव आहे, तेव्हा आपल्याच हत्यारातली खोड त्याने स्वतः दाखवली म्हणायची. त्या काळी प्राणिशास्त्रज्ञांना अवयवांची गुणोत्तरे काढण्याची फार हौस होती. पिअर्सनने कल्पना केली ती हाडांच्या ढिगाची. ढिगातून मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि दंडाचे हाड अशी तिन्ही आंधळेपणाने उचलायची आणि तो एकाच माणसाचा सांगाडा आहे असे म्हणायचे. अशी पुष्कळ त्रिकुटे झाली की मांडी भागिले दंड आणि नडगी भागिले दंड ही दोन गुणोत्तरे काढायची. हाडे वेगवेगळ्या माणसांची, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी गुणोत्तरांत ०.४ ते ०.५ चा सहसंबंध निघतो. तो पाहून एखादा जीवशास्त्रज्ञ खुशाल म्हणेल की हे सांगाडे अस्सल आहेत. पिअर्सनने या प्रकाराला फसवा सहसंबंध म्हटले.

हे पडताळायला हाडे लागत नाहीत. एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होते:

```
A2: =RANDBETWEEN(50,150)
B2: =RANDBETWEEN(50,150)
C2: =RANDBETWEEN(50,150)
D2: =A2/C2
E2: =B2/C2
G1: =CORREL(D2:D1001,E2:E1001)
```

दुसरी ओळ १००१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. A आणि B यांचा संबंध शून्याच्या आसपास असेल, आणि D व E यांचा ०.५३ च्या आसपास. आता A आणि B मधले आकडे ९० ते ११० या अरुंद पट्ट्यात आणा, C तसाच राहू द्या. गुणांक ०.९६ वर चढतो. उलट करा, म्हणजे A व B पुन्हा ५० ते १५० आणि C मात्र ९० ते ११०, गुणांक ०.०४ पर्यंत घसरतो. अंशांपेक्षा छेद किती अस्थिर आहे, त्यावर हा फसवेपणा ठरतो. छेदातला चढउतार अंशांच्या मानाने मोठा असेल तर दोन्ही रकाने छेदाच्याच तालावर नाचतात. आपल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग ते ठाणे हे अंतर तेरा पटींचे आहे, हे इथे आठवावे.

पण इथे थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. एक्सेलमधले A आणि B यांना C शी काही देणेघेणे नव्हते, तसेच जिल्हाधिकाऱ्यांच्या संख्येला लोकसंख्येशी नव्हते. खऱ्या आकड्यांचे तसे नसते. जिल्हा मोठा तशा शाळा, दवाखाने, गुन्हे, दुचाक्या सगळे वाढते. मग खरा प्रश्न असा की ते लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते, की काही भाग सगळ्यांना सारखा मिळतो आणि उरलेला प्रमाणात वाढतो?

समजा एका खात्याचा नियम असा आहे: प्रत्येक जिल्हा मुख्यालयाला १० पदे ठरलेली, शिवाय दर लाखामागे २. दुसऱ्या खात्याचा नियम: मुख्यालयाला ६, शिवाय दर लाखामागे ३. दोन्ही खात्यांचा एकमेकांशी काडीइतका संबंध नाही. सिंधुदुर्गात पहिल्या खात्याची २७ पदे होतात, म्हणजे लाखामागे ३.१८, दुसऱ्याची ३.७१. गडचिरोलीत हे आकडे २.९३ आणि ३.५६ येतात, २०११ च्या ठाण्यात २.०९ आणि ३.०५. जिथे एक जास्त तिथे दुसरेही जास्त. कोणीतरी लगेच लिहील की पहिले खाते सशक्त असले की दुसऱ्यालाही बळ मिळते. खरे कारण मुख्यालयाच्या त्या ठरलेल्या १० आणि ६ पदांत आहे. भागाकारानंतर पहिला दर होतो २ अधिक ‘१० भागिले लोकसंख्या’, दुसरा ३ अधिक ‘६ भागिले लोकसंख्या’. बदलतो तो दोन्हींतला शेपटीचा तुकडा, आणि त्या दोन्ही तुकड्यांत लोकसंख्याच आहे.

येर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ च्या एका पुस्तकात नेमका हाच सापळा करकोच्यांवर लावला. करकोचे बाळे आणतात ही युरोपातली जुनी समजूत. नेमनने ५४ काउंट्यांचे काल्पनिक आकडे रचले आणि दर दहा हजार स्त्रियांमागे करकोचे व दर दहा हजार स्त्रियांमागे जन्म असे दोन दर काढले. दर छान जुळले. पण स्त्रियांची संख्या सारखी असलेल्या काउंट्या एकत्र ठेवून पाहिले की करकोचे जास्त असोत की कमी, जन्मांत फरक पडत नव्हता. हे उदाहरण विनोद म्हणून फार सांगितले जाते आणि त्यातली शिकवण मात्र राहून जाते. करकोचे मूर्खपणाचे होते म्हणून नाते खोटे ठरत नाही. दोन्ही दरांत छेद एकच होता आणि अंश छेदाच्या प्रमाणात वाढत नव्हते, म्हणून ते खोटे होते. विषय कितीही शहाणा असला तरी हे दोन्ही जुळून आले की गणित तेच करणार.

तेव्हा पहिली तपासणी साधी आहे. दर काढण्याआधी मूळ आकडा लोकसंख्येसमोर ठेवून आलेख काढायचा आणि ठिपक्यांमधून जाणारी रेषा डावीकडे लांबवायची. ती शून्यातून जात असेल तर भागाकाराने लोकसंख्या खरोखरच बाजूला होते. ती उभ्या अक्षाला वर १० वर छेदत असेल तर दरात लोकसंख्या शिल्लक आहे. मग दोन दरांची तुलना करताना ‘१ भागिले लोकसंख्या’ हा तिसरा रकाना समीकरणात घ्यावा लागतो. तो घेतला की वरच्या उदाहरणात दोन खात्यांमध्ये नाते म्हणून काही उरत नाही. तो वगळणे म्हणजे मुख्यालयाची पदे सगळीकडे शून्य होती असे मुकाट्याने मान्य करणे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. फसव्या सहसंबंधाची ओळख झाली की काहींना प्रत्येक दरडोई आकड्यात भूत दिसू लागते. उड्नी यूलने १९१० मध्येच याला उत्तर दिले होते: खरे कार्यकारण गुणोत्तरांमध्येच असेल तर गुणोत्तरांचे नाते खरे, आणि मूळ आकड्यांचे नाते फसवे. याला आपल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे निकष हे चांगले उदाहरण आहे. सपाट भागात ३०,००० ग्रामीण लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र; डोंगराळ व आदिवासी भागात हेच २०,००० आणि ३,०००. म्हणजे निकष तंतोतंत पाळले तर सपाट जिल्ह्यात लाखामागे साधारण ३.३ केंद्रे आणि २० उपकेंद्रे, आणि पूर्ण आदिवासी जिल्ह्यात ५ आणि ३३. दोन्ही दर एकत्रच वर जातात. इथे छेद निर्दोष आहे, कारण निकषच प्रमाणात आहे. दर जुळतात ते आदिवासी भागाला झुकते माप देणाऱ्या एका धोरणामुळे, आणि ते धोरण कागदावर आहे. इथे मूळ आकडेच पाहिले असते तर मोठ्या ग्रामीण लोकसंख्येचे जिल्हे दोन्हींत पुढे दिसले असते आणि धोरणाचा पत्ता लागला नसता.

तशीच एक गाजलेली गोष्ट २०१२ ची. फ्रान्झ मेसर्ली यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २३ देशांचे दरडोई चॉकलेट आणि दर कोटी लोकसंख्येमागे नोबेल विजेते यांची सांगड घातली, गुणांक ०.७९१. दोन्हीकडे छेद लोकसंख्याच, म्हणून अनेकजण तिलाही पिअर्सनच्या खात्यात टाकतात. मला ते पटत नाही. चॉकलेट माणसेच खातात, त्याचा खप लोकसंख्येबरोबर वाढणारच, तिथे रेषा शून्याजवळून जाणार. त्या आलेखामागे संशय घ्यायचाच तर देशाच्या श्रीमंतीचा घ्यावा. छेदाला फुकट बदनाम करण्यात अर्थ नाही.

एक तपासणी लोकांना सुचते आणि तीत एक गोची आहे. वाचनालयांचा रकाना जिल्ह्यांमध्ये पत्त्यांसारखा पिसायचा, लोकसंख्या जागच्या जागी ठेवायची, पुन्हा दर काढायचे आणि फसवा सहसंबंध किती येतो ते पाहायचे. पिसल्याने वाचनालयांचे लोकसंख्येशी असलेले खरे नातेही तुटते, आणि मग सिंधुदुर्गाच्या वाट्याला ठाण्याची वाचनालये येऊन दर भलतेच फुगतात. खोटा सहसंबंध आहे त्याहून मोठा दिसतो आणि खरे नातेही त्यात बुडून जाते. म्हणून पिसायचे ते साधारण सारख्या लोकसंख्येच्या जिल्ह्यांच्या गटातच. ३३ जिल्ह्यांचे असे गट पाडले की एकेका गटात पाच-सहा जिल्हे उरतात आणि निष्कर्ष काढायला हात आखडता घ्यावा लागतो.

शिवाय छेद स्वतः चुकलेला असू शकतो. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे जिल्ह्यांचे दर अजून २०११ च्या लोकसंख्येवर किंवा तिच्यावरून केलेल्या अंदाजांवर काढले जातात. पुण्यासारख्या जिल्ह्यात माणसे अंदाजापेक्षा जास्त आली असतील तर तिथला प्रत्येक दर फुगलेला असणार: वाहने, गुन्हे, वीजजोडण्या, सगळे एकदम. जिथून लोक बाहेर गेले तिथे सगळे एकदम खाली. अंश आजचे आणि छेद तेव्हाचा, अशा दोन रकान्यांत जे नाते दिसेल त्यातले किती स्थलांतराचे आणि किती विषयाचे, हे त्या दोन रकान्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी ताजी जनगणना हवी, किंवा निदान मतदारयादी, शिधापत्रिका असा दुसरा एखादा छेद घेऊन तेच गणित पुन्हा करून पाहायला हवे.