एक आभार, एक प्रश्न

सकाळच्या विरार लोकलमध्ये सहकाऱ्याचा निरोप येतो : “तुझा अहवाल गोंधळाचा झालाय.” बोटं लगेच खुलासा टाइप करू लागतात. वसई रोड येण्याआधी तो पाठवला, तर वाद पेटतो आणि गोंधळ तसाच राहतो.

त्याऐवजी एवढंच लिहावं : “बारकाईनं वाचलंस, आभार. गोंधळ आकड्यांत वाटला की मांडणीच्या क्रमात?”

‘का?’ विचारलं की समोरचा बचावात जातो, ‘कुठे?’ विचारलं की तो नेमक्या पानावर बोट ठेवतो. प्रश्न एकच असावा. चार विचारले की उलटतपासणी वाटते. “तिसऱ्या पानावर बेरीज आधी आलीय, तपशील नंतर,” असं उत्तर आलं, की दुरुस्ती सोपी. आभार मानले म्हणजे टीका मान्य केली असं नव्हे. मतभेद असेल तर तो उत्तर कळल्यावर मांडावा.