व्हिडिओचं नाव आणि कास्टिंगचा हीट नंबर

भोसरी, तळवडे, चाकणच्या पट्ट्यात आता दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपलाही यूट्यूब चॅनल असतं. फिक्स्चर किंवा एसपीएम तयार झालं की ट्रायलचा व्हिडिओ निघतो. गिऱ्हाइकाच्या पर्चेसमधला इंजिनिअर प्रत्यक्ष यायच्या आधी तोच व्हिडिओ बघतो. या धंद्यात एक सल्ला हातोहात फिरतो: अपलोड करण्याआधी फाइलचं नाव बदला, त्यात आपल्या मालाचे शब्द घाला, प्रॉपर्टीजमध्ये टायटल, टॅग, कॉमेंट भरा, म्हणजे व्हिडिओ सर्चमध्ये वर येईल. या कामाचे वेगळे पैसे घेणारेही आहेत. माझ्या मते सर्चसाठी ही मेहनत जवळजवळ वाया जाते. तरीही शहाणीसुरती माणसं ती का करतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या पट्ट्यात वस्तूची ओळख वस्तूवरच असते. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. पुढे कधी त्या भागाला तडा गेला, तर त्या नंबरावरून कोणत्या दिवशीच्या, कोणत्या वितळीतलं लोखंड होतं इथपर्यंत मागे जाता येतं. नंबर मालाबरोबर फिरतो, म्हणून सगळी व्यवस्था उभी राहते. असं काम रोज करणाऱ्याला फाइलच्या आत माहिती कोरून ठेवायची कल्पना लगेच पटते.

या समजाचं मूळ मात्र वेबच्या सुरुवातीच्या काळात आहे. नव्वदच्या दशकातली सर्च इंजिनं पानाच्या मालकाने पानाच्या आत लपवून लिहिलेल्या कीवर्डवर विसंबत. वाचकाला ते शब्द दिसत नसत, त्यामुळे लोकांनी वाटेल ते भरलं आणि त्या शब्दांची पत गेली. सप्टेंबर 2009 मध्ये गूगलने जाहीरच केलं की वेब सर्चच्या क्रमवारीत हा कीवर्ड टॅग ते वापरत नाहीत. फोटोंच्या बाबतीत गूगलचा सल्ला वेगळा आहे: `IMG00023.JPG` पेक्षा फोटोत काय आहे ते सांगणारं नाव बरं, कारण त्यातून थोडा अंदाज येतो. तिथे ते खरंही आहे. वेबसाइटवर ठेवलेला फोटो त्याच नावाने राहतो आणि ते नाव पत्त्यात दिसतं. फोटोसाठीचा हा नियम पुढे कोणीतरी उचलून यूट्यूबला लावला.

त्याला आधार वाटावा असं यूट्यूबवर घडतही होतं, आजही घडतं. कॉम्प्युटरवरून स्टुडिओत फाइल टाकली की टायटलच्या चौकटीत फाइलचं नावच येऊन बसतं. ज्याने ते बदललं नाही, त्याच्या व्हिडिओचं टायटल `VID-20240612-WA0003` असं राहिलं. ज्याने आधी नाव बदललं, त्याला नकळत बरं टायटल मिळालं. दुसऱ्याचा व्हिडिओ सापडला, पहिल्याचा सापडला नाही, आणि श्रेय गेलं फाइलच्या नावाला. खरं काम टायटलने केलं होतं. शिवाय जो माणूस फाइलचं नाव मन लावून देतो, तो वर्णनही नीट लिहितो, त्यामुळे हा समज पक्का होत गेला.

अपलोडनंतर काय होतं ते पाहिलं की कोडं सुटतं. यूट्यूब तुमची फाइल आहे तशी दाखवत नाही. ती उलगडून, लहान-मोठ्या आकारांत पुन्हा तयार करतं आणि व्हिडिओला अकरा अक्षरांची स्वतःची ओळख देतं. कास्टिंग पुन्हा भट्टीत टाकल्यावर जुना हीट नंबर उरत नाही, नव्या वितळीचा नवा नंबर पडतो, तसंच हे. फाइलचं मूळ नाव यूट्यूब नोंदवून ठेवतं, पण ते फक्त मालकाला स्टुडिओत दिसतं. सर्चबद्दल यूट्यूब स्वतः सांगतं की टायटल, टॅग, वर्णन आणि व्हिडिओतला मजकूर शोधाशी किती जुळतो, आणि लोक तो किती बघतात, हे पाहिलं जातं. त्यातल्या टॅगबद्दलही ते म्हणतं की शब्द चुकीचा टाइप होण्याची शक्यता असेल तर त्यांचा उपयोग, एरवी त्यांचा वाटा नगण्य. उघडपणे भरलेल्या टॅगची ही किंमत, तर फाइलच्या पोटात लिहिलेल्या टॅगची किती असेल?

कोणाच्या शब्दावर विसंबायचं नसेल, तर तपासून बघता येतं. कुठेही न वापरलेला, अर्थहीन शब्द घ्या आणि तो फक्त फाइलच्या नावात आणि आतल्या टायटलमध्ये घाला:

```
ffmpeg -i trial.mp4 -c copy -metadata title="zorvantik" zorvantik.mp4
```

अपलोड करताना चौकटीत आपोआप आलेलं टायटल पुसून दुसरं लिहा, नाहीतर चाचणीच बाद होते. त्याच वेळी दुसरा व्हिडिओ टाका आणि दुसरा असाच बनावट शब्द त्याच्या वर्णनात लिहा. दोन्ही सार्वजनिक ठेवा. दुसरा शब्द शोधून व्हिडिओ सापडू लागला की मग पहिला शोधा. दुसरा व्हिडिओ नसेल, तर काहीच न सापडण्याचा अर्थ लागत नाही, कारण व्हिडिओ अजून सर्चमध्येच आला नसेल. या चाचणीची मर्यादाही आहे. नाव शब्द म्हणून शोधलं जातं का, एवढंच तिच्यातून कळतं. क्रमवारीत त्याला सूक्ष्म वजन आहे का, हे बाहेरून सिद्ध करता येत नाही.

आपल्याकडच्या व्हिडिओंची खरी अडचण वेगळी आहे. समजा व्हीएमसीवरच्या हायड्रॉलिक फिक्स्चरचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. क्लॅम्प बसतात, स्पिंडल फिरतो, कूलंट उडतो, आणि कोणी एक अक्षर बोलत नाही. बोलणं असतं तर त्यातून यूट्यूबला विषय कळायला मदत झाली असती. मशीनच्या आवाजातून शब्द निघत नाहीत, म्हणून सगळा भार टायटल आणि वर्णनावर पडतो. तिथे `New fixture trial final` असं लिहिलं तर शोधणाऱ्याचा एकही नेमका शब्द त्यात नसतो. `Hydraulic fixture for gearbox housing on VMC` लिहिलं तर पर्चेसवाला जे टाइप करतो तेच तिथे असतं. टायटलला शंभर अक्षरं मिळतात, तेवढी पुरतात. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत कोणता जॉब, एका सेटिंगमध्ये किती नग, क्लॅम्पिंग कसं, हे लिहावं. शक्य असेल तर ऑपरेटरला चार वाक्यं बोलायला लावावीत, किंवा तीच वाक्यं सबटायटलच्या फाइलमध्ये द्यावीत. फाइलच्या नावावर घालवलेला वेळ इथे लावला तर फरक पडतो.

म्हणजे फाइलचं नाव बदलूच नये का? बदलावं, पण वेगळ्या कारणासाठी. वर्कशॉपमधल्या फाइलच्या नावात बहुधा गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर असतो. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि घाईत अपलोड करताना तेच नाव टायटल म्हणून जगजाहीर होतं. आतल्या मेटाडेटाचंही तसंच. 360 अंशांचा व्हिडिओ असेल तर तो तसा आहे हे सांगणारी खूण फाइलमध्ये असावीच लागते, नाहीतर यूट्यूब तो साध्या, विचित्र ताणलेल्या चित्रासारखा दाखवतं. आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर शूटिंगची जागा फाइलमध्ये लिहिली जाऊ शकते. तीच फाइल जशीच्या तशी कंपनीच्या वेबसाइटवर ठेवली, तर गिऱ्हाइकाच्या प्लांटमध्ये घेतलेल्या ट्रायलचे अक्षांश-रेखांश उतरवून घेणाऱ्या कोणालाही वाचता येतात. वेबसाइटवर टाकण्याआधी `exiftool trial.mp4` चालवून आत काय आहे ते बघावं, आणि नको ते काढून टाकावं.