कोयनेचा भूकंप सात तुकड्यांत

कोयनेच्या भूकंपावर कुणी सहाशे शब्दांची पोस्ट लिहिली आहे आणि आता तिचा एक्सवर थ्रेड करायचा आहे, असं समजू. पहिला मोह असतो तो कात्रीचा. २८० चिन्हं भरली की कापायचं, पुढे १/१५, २/१५ असे आकडे टाकायचे आणि सोडून द्यायचं. असा थ्रेड वाचणारा तिसऱ्या तुकड्याला निघून जातो. कापण्याची जागा अक्षरं संपतात तिथे नसते. वाचणाऱ्याच्या मनात नवा प्रश्न उभा राहतो तिथे ती असते.

मर्यादेचा हिशेब मात्र आधी समजून घ्यावा, कारण मराठीत तो फसवा आहे. ट्विटरने २०१७च्या नोव्हेंबरात १४०ची मर्यादा २८० केली आणि पुढच्याच महिन्यात थ्रेड जोडण्याची सोय दिली. पण आपण ज्याला अक्षर म्हणतो ते तिथे मोजलं जात नाही. काना, मात्रा, अनुस्वार, अगदी जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तसुद्धा वेगळा मोजला जातो. ‘प्रश्न’ हा आपल्या लेखी दोन अक्षरांचा शब्द, पण तिथे त्याची सहा चिन्हं होतात. ‘भूकंप’ची पाच. त्यामुळे एका तुकड्यात साधारण चाळीस मराठी शब्द बसतात, म्हणजे तीन-चार आटोपशीर वाक्यं. एका विचाराला एवढी जागा पुरते, दोन विचारांना पुरत नाही.

आता मूळ पोस्ट समोर घ्यायची आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला लिहायचं, की हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो. कोयनेच्या बाबतीत यादी साधारण अशी होते. काय झालं? त्याआधी काही चाहूल होती का? दख्खनच्या कातळाला स्थिर मानत होते, मग हे कसं? पाणी खडकाला नेमकं काय करतं? मग भूकंप पाण्यानेच घडवला का? पुढच्या वर्षांत काय दिसलं? शेवटी म्हणायचं काय? सात प्रश्न, सात तुकडे. धरणाची उंची, शिवसागर जलाशयाची लांबी-रुंदी, वीजनिर्मिती यांवरचे परिच्छेद यांतल्या कुठल्याच प्रश्नाला लागत नाहीत. लांब पोस्टमध्ये ते खपून जातात, इथे गळतात. लिहिणाऱ्याला वाईट वाटतं खरं, पण थ्रेडचा निम्मा फायदा याच गळतीत आहे.

सुरुवातीची ओळ हा पुढचा प्रश्न. ‘कोयना भूकंपाबद्दल तुम्हाला ठाऊक नसलेल्या ७ गोष्टी’ ही ओळ माणसाला थांबवते, पण कशासाठी ते सांगत नाही. तिच्यात कोयनेच्या जागी किल्लारी घातलं तरी काही बिघडत नाही, आणि हाच तिचा दोष. त्याऐवजी असं लिहून पाहू: ‘११ डिसेंबर १९६७. पहाटे कोयनानगर हादरलं, सुमारे १८० माणसं गेली. शेजारच्या धरणात पाणी साठायला लागून पाचेक वर्षं झाली होती. हा भूकंप धरणाने घडवला का?’ दोन घटना शेजारी ठेवल्या आणि त्यांच्यातलं नातं विचारलं, एवढंच. उत्सुकता विषयातूनच आली. शिवाय ही ओळ लिहिणाऱ्यालाही बांधून घेते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर थ्रेडमध्ये द्यावंच लागतं.

खरी अडचण मधल्या तुकड्यांची. लांब पोस्ट अख्खी पुढे जाते. थ्रेडचा मात्र प्रत्येक तुकडा सुटा फिरतो. कुणी चौथाच रिपोस्ट करतो, कुणी पाचव्याचा स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. म्हणून ‘त्याचं कारण असं’ किंवा ‘पण हे पूर्ण खरं नाही’ अशी सुरुवात तिथे लंगडी पडते. त्याचं म्हणजे कशाचं? प्रत्येक तुकड्यात एक तरी नाम पुन्हा यायला हवं: कोयना, जलाशय, भूकंप. सगळ्यांत ‘१९६७चा कोयनेचा भूकंप’ असं पुरतं नाव मात्र नको, ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे विधान आणि त्याची अट यांची ताटातूट. पहिल्या मसुद्यात चौथा तुकडा असा होता, असं धरू: ‘जलाशयातलं पाणी खडकाच्या भेगांमध्ये झिरपतं. तिथला दाब वाढला की खडक घसरतात आणि भूकंप होतो.’ पाचव्यात लिहिलं होतं, की हे घडायला त्या खडकात आधीपासून ताण साठलेला असावा लागतो, म्हणूनच बहुतेक धरणांपाशी असे भूकंप होत नाहीत. दोन्ही तुकडे ओळीने वाचले तर काहीच चूक नाही. पण ऑगस्टमध्ये धरण भरत असताना एकटा चौथा तुकडा पाटणच्या एखाद्या गटात पोचला, तर ती अफवा होते. अट त्याच चाळीस शब्दांत यायला हवी: ‘कोयनेच्या खडकात ताण आधीपासून होता. जलाशयातलं पाणी भेगांमध्ये झिरपलं, तिथला दाब वाढला आणि घसरायच्या बेतात असलेले खडक घसरले, असं बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात.’ वाक्य थोडं जड झालं, पण सुटं फिरलं तरी खोटं होत नाही. तुकडा असा तपासायचा: बाकीचे सहा झाकून तो एकटा वाचायचा आणि वाचणाऱ्याचा काय समज होईल ते पाहायचं.

तुकडे एकट्याने उभे राहिले की त्यांना जोडायचं कशाने? ‘पुढे वाचा’ने नाही, खाली बोट दाखवणाऱ्या चित्रानेही नाही (ते दोन चिन्हं खातं, वर काही सांगत नाही). एका तुकड्याची शेवटची ओळ जो प्रश्न जागा करते, त्याला पुढच्याची पहिली ओळ भिडली की जोड आपोआप बसते. दुसरा तुकडा ‘जलाशय भरू लागल्यापासून परिसरात लहान धक्के जाणवत होते’ इथे संपला, तर तिसरा ‘या भागाला तर भूवैज्ञानिक स्थिर समजत होते’ असा सुरू होतो. पण प्रत्येक तुकडा असा अधांतरी ठेवला तर वाचणारा वैतागतो. सातांत दोन-तीनदा पुरे, बाकीच्यांनी आपलं सांगून शांतपणे संपावं.

सगळे तुकडे आधी लिहून, एकदा मोठ्याने वाचून मग एकदमच टाकावेत. एकेक टाकत गेलं की मध्येच लोक उत्तरं देऊ लागतात, आणि मधला एखादा चुकला म्हणून काढला तर तिथे ‘पोस्ट काढून टाकली आहे’ अशी खिंड दिसते. आकडे घालायचे तर एकूण संख्या पक्की झाल्यावर.

राहिली शेवटची ओळ. इथे टाळीचं वाक्य सुचतंच: ‘बंदूक आधीच भरलेली होती, पाण्याने फक्त चाप ओढला.’ वाक्य देखणं आहे आणि सर्वांत जास्त फिरेल तेही हेच. म्हणूनच ते मला नको वाटतं. चाप ओढण्यात हेतू येतो, क्षण येतो. कोयनेत १९६७ नंतरही जलाशयाच्या पातळीबरोबर कमी-जास्त होत, दशकानुदशकं धक्के चालूच राहिले, त्याला या उपमेत जागाच नाही. शेवटच्या ओळीने सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, तेही पुराव्याच्या मापाचं: ‘कोयनेच्या पाण्याने भूकंपाचं बळ निर्माण केलं नाही. साठत आलेलं बळ सुटण्याची वेळ त्याने बहुधा अलीकडे आणली. किती अलीकडे, ते सांगता येत नाही.’ याच्याखाली मूळ लेखाची लिंक. ती कितीही लांब असली तरी २३ चिन्हंच धरली जातात, तेव्हा तेवढी जागा आधीच राखून ठेवायची.