पाळी मुलांनी घ्यावी, आईने नव्हे

आईवडिलांची शुश्रूषा करायला वेगळी रजा केंद्र सरकारच्या नोकरीतही नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात मंत्र्यांनी नेहमीच्याच रजा मोजून दाखवल्या: वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ नैमित्तिक आणि २ ऐच्छिक सुट्ट्या. बेरीज ६०. स्मृतिभ्रंश मात्र वर्षानुवर्षं चालतो आणि तो वाढला की आईला घटकाभरही एकटं सोडता येत नाही. म्हणून रजा किती, यापेक्षा ती कुठे खर्चायची याचा विचार आधी व्हायला हवा.

भावंडं बसली की पहिली वाटणी महिन्यांची होते. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. न्याय दिसतो, पण त्याची किंमत आई मोजते. जुन्या घरात मोरी कुठे आहे हे तिच्या पायांना ठाऊक असतं; नव्या घरात ती अंधारात चाचपडते, पडते, ‘मला घरी जायचंय’ म्हणत कडी काढू पाहते. तिथे रुळेपर्यंत पुढचा महिना उजाडतो. आई जागेवर राहावी, फिरावं मुलांनी.

समजा आई साताऱ्याला आहे. थोरला तिथेच राहतो, बहीण पुण्यात नोकरीला, धाकटा परदेशी. दिवसा सांभाळायला बाई ठेवली, तरी खरी कसोटी दिवस कलताना लागते. बऱ्याच रुग्णांची घालमेल त्याच वेळी वाढते, आणि नेमकी तेव्हाच बाईंची घरी जायची वेळ होते. तेव्हा बाईंना सकाळी उशिरा बोलवून रात्री आठपर्यंत थांबवावं. रात्र थोरल्याची. शुक्रवार आणि शनिवारची रात्र बहिणीची, म्हणजे थोरल्याला सलग झोप मिळेल. बाईंचा पगार, औषधं, बँकेची कामं धाकट्याने उचलावीत. पैसे पाठवणारा कमी करतो, हा हिशेब घरात कुणी मांडू नये. रजा राखून ठेवावी ती बाई गावी गेल्या, आई दवाखान्यात गेली किंवा नवी बाई रुळत असली त्या दिवसांसाठी. अर्धवेतनी घेतली तर अर्ध्या पगाराची तूट तिघांत वाटावी. ती एकाच्याच खिशातून जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

घरात एक वही हवी. खाणं, पाणी, शौच, झोप, औषधाची वेळ जाणाऱ्याने लिहावी, येणाऱ्याने वाचावी. स्मृतिभ्रंश सहसा हळूहळू वाढतो. एकदोन दिवसांत आई एकदम भ्रमली, अतिशय गुंगीत गेली किंवा नसलेली माणसं पाहू लागली, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, यांपैकी काहीही मागे असू शकतं आणि त्यावर उपचार होतो. पाळी बदलताना नेमकं हेच निसटतं, कारण कालची आई कशी होती हे आज आलेल्याला ठाऊक नसतं. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.