वडगाव कोणते आणि गुरुवार कोणता?

जलकेंद्रांतील विद्युत, पंपिंग व स्थापत्यविषयक दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी तो उशिरा व कमी दाबाने होईल, अशा आशयाचे जे प्रसिद्धिपत्रक पुणे महानगरपालिकेकडून वेळोवेळी निघते, ते जिल्हा-पानावर बातमी होऊन उतरताना मथळ्यात काय राहते आणि काय गळते, यावर त्या बातमीची उपयुक्तता जवळजवळ सर्वस्वी अवलंबून असते. कारण असा मजकूर वाचक आवडीने वाचत नाही, तो गरजेपोटी शोधतो, आणि आपल्या भागाचे नाव डोळ्यांना दिसले नाही तर पुढे निघून जातो.

‘वडगाव जलकेंद्र गुरुवारी बंद’ हा मथळा घ्या. प्रशासनाच्या दृष्टीने त्यात एका अक्षराचीही चूक नाही. परंतु पुणे जिल्ह्यात वडगावे अनेक. ज्याच्या नावाने हे जलकेंद्र ओळखले जाते ते वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्यावर आहे. वडगाव शेरी शहराच्या पूर्वेस नगर रस्त्यालगत असून त्या बाजूस भामा आसखेड धरणाचे पाणी येते. आणि वडगाव मावळ हे तर मावळ तालुक्याचे ठाणे, तेथील कारभार नगरपंचायतीचा. तेव्हा वडगाव शेरीतील गृहिणी हा मथळा वाचून विनाकारण पिंपे भरून ठेवते. उलट ज्यांचे पाणी खरोखरच जाणार आहे, त्या धायरी, आंबेगाव, धनकवडी, कात्रज व कोंढवा बुद्रुक येथील रहिवाशांना या बातमीचा आपल्याशी काही संबंध आहे असे वाटतही नाही. आपले पाणी कोणत्या केंद्रातून येते हे ठाऊक असण्याची अपेक्षा नागरिकाकडून करणेच मुळात गैर आहे. केंद्राचे नाव हा खात्याच्या दप्तराचा तपशील होय. वस्तीचे नाव ही वाचकाची निकड होय.

याहून आक्षेपार्ह प्रकार म्हणजे ‘पुणेकरांनो, पाणी जपून वापरा! “या” भागांत पुरवठा बंद’ हा अलीकडे रूढ झालेला मथळा. ज्या एका शब्दासाठी वाचक आला, तोच शब्द दडवून त्याला आत ओढण्याची ही युक्ती आहे. शिवाय ‘पुणेकर’ या संबोधनात हद्दीचे भान सुटते. पिंपरी-चिंचवड ही स्वतंत्र महानगरपालिका आहे, तिला पवनेचे पाणी मिळते, आणि तेथे 2019 सालापासून दिवसाआड पुरवठ्याची पद्धत आहे. पुण्याच्या गुरुवारशी चिंचवडच्या नळाचे काही देणेघेणे नाही.

शुक्रवार मथळ्यातून बहुधा वगळला जातो, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी हानी. दुरुस्ती गुरुवारी सायंकाळी संपली तरी रिकाम्या झालेल्या साठवण टाक्या पुन्हा भरण्यास अवधी लागतो, वाहिन्यांत शिरलेली हवा निघून जावी लागते, आणि दाब पुरेसा वाढेपर्यंत चढावरच्या व वाहिनीच्या अखेरच्या टोकाच्या वस्त्यांना पाणी पोहोचत नाही. बंदची मुदत एका दिवसाची म्हणून ज्याने एका दिवसाचीच तजवीज केली, त्याचा खोळंबा शुक्रवारी सकाळी, नोकरीवर निघण्याच्या वेळी होतो.

राहता राहिला तारखेचा प्रश्न. कागदावरचे वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे, त्यामुळे ‘उद्या’ किंवा ‘गुरुवारी’ एवढे पुरत असे. आता मात्र मोबाइलवर ‘कात्रज पाणी बंद’ असे टंकले की गेल्या वर्षीची बातमीही आजच्या बातमीशेजारी येऊन उभी राहते, आणि दोन्हींत गुरुवारच असतो. म्हणून मथळा असा असावा : ‘कात्रज, धायरी, आंबेगाव येथे गुरुवारी 12 जून 2025 रोजी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने’. तो लांब आहे, हे मान्य. परंतु जागा कमी पडल्यास कारण वगळावे, तारीख वगळू नये.

विजेच्या बाबतीत हाच न्याय लागू आहे. तेथे केंद्राच्या जागी फीडरचे वा उपकेंद्राचे नाव येते इतकेच. मात्र नियोजित दुरुस्ती, अकस्मात बिघाड आणि मागणीइतकी वीज उपलब्ध नसल्याने होणारे भारनियमन या तीन गोष्टींना सरसकट ‘बत्ती गुल’ म्हणणे थांबले पाहिजे, कारण पहिलीत वीज परतण्याची वेळ आधीच सांगता येते, दुसरीत ती सांगता येत नाही, आणि तिसरीत पुढील दिवसांचे वेळापत्रक पाहावे लागते. आणि लोक घरात ‘लाईट गेली’ असेच म्हणतात व तोच शब्द शोधतात. तेव्हा मथळ्यात ‘वीजपुरवठा खंडित’ लिहिले तरी बातमीच्या पहिल्या वाक्यात ‘लाईट’ हा शब्द येऊ देण्यात उपसंपादकाने कमीपणा मानू नये.

जिल्हा-पान सांभाळणाऱ्यांना एक विनंती आहे. दुरुस्तीचे काम पुढे ढकलले गेले, तर नवी बातमी देऊन थांबू नका. जुनीचा मथळाही त्याच वेळी बदला आणि बदलाची तारीख व वेळ तिच्या शिरोभागी लिहा, कारण लोकांच्या हाती बहुधा जुनीच बातमी लागते.