फळ गोड म्हणून घाव विसरावे काय?

किशोरवयीन कन्येच्या हाती थोर स्त्रीचे चरित्र देताना आपण बहुधा एकच पाहतो : या स्त्रीने काय मिळवले? तिला घडवणाऱ्यांनी तिच्याशी कसे वर्तन केले, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक मुलगी त्या वर्तनाचाही धडा घेत असते. पडद्यावरील तारकेच्या चित्राजागी डॉक्टर स्त्रीचे चित्र लावले, एवढ्याने आईवडिलांचे काम संपत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच उदाहरण घेऊ. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचा नवव्या वर्षी गोपाळरावांशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय दृढ झाला. १८८३ साली त्या पतीविना समुद्रापार गेल्या. १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

ही कथा मराठी घरांत पोहोचली ती मुख्यत्वे श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे. पत्नीच्या शिक्षणासाठी हट्टाला पेटलेला पती, ही गोपाळरावांची प्रतिमा आपल्या मनात आहे आणि ती खोटी नाही. त्यांच्या आग्रहावाचून आनंदीबाई शिकल्या असत्या, असे म्हणवत नाही. परंतु अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी जुना हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे, हे सारे त्या वयाला, शरीराला व मनाला सोसणारे नव्हते, असे त्या स्पष्ट सांगतात. पतीने असे वागावे आणि पत्नीने मुकाट्याने सोसावे, ही रीतही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

मग प्रश्न उभा राहतो : त्या माराविना डॉक्टर घडली नसती, तर मार क्षम्य ठरतो काय?

आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मार खाऊनही अक्षर न शिकलेल्या मुलींची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्या काळी घराघरांतून मुली मार खात होत्या. डॉक्टर होऊन परतल्या एक आनंदीबाई. जे सर्वत्र होते, ते एकीच्या यशाचे कारण कसे म्हणावे? आणि ज्या मुलीला आपण ‘कठोरपणामुळेच ती घडली’ असे शिकवतो, ती उद्या आपल्यावर उगारलेल्या हातालाही प्रेम समजू लागेल.

साहाय्याचा दुसरा प्रकारही याच चरित्रात आहे. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली, तेव्हा उत्तरात ख्रिस्ती होण्याची सूचना आली. ती या दांपत्याने मानली नाही. हे वाचताना आपणही थोडे थांबावे. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका नियतकालिकात छापला गेला आणि दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना तो श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी अनोळखी मुलीला पत्र लिहिले, पुढे घरी ठेवून घेतले. धर्म बदलण्याची अट घातली नाही. आनंदीबाईंच्या अस्थी अखेर त्याच कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

धाराशिवच्या मुलींना याचे जवळचे उदाहरणही आहे. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी मुलाखतीत सांगितले की, जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकाच जेवणावर काढली. २०१६ मध्येच आर्थिक विवंचनेने खचून त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले होते. प्रशिक्षकांनी समजूत घातली, तेव्हा त्या मैदानावर परतल्या. पुढे तुळजापूर येथे त्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. येथेही मागे कोणीतरी चिकाटीने उभे होते. परंतु खचलेल्या मुलीला परत आणले ते समजुतीच्या शब्दांनी.

म्हणून आनंदीबाईंचे चरित्र मुलीला अवश्य द्यावे, पण त्यातील ते पत्र वगळून नव्हे. पतीचे उपकार मान्य करूनही त्याचा अन्याय त्याला लिहून कळवणारी ती विशीतील स्त्री पदवीधर आनंदीबाईंइतकीच मुलीच्या ओळखीची व्हावी.